पाळी अनियमित असताना अ‍ॅपने दाखवलेले फर्टाइल दिवस कितपत धरावेत?

अनुराधा_वाई

नमस्कार. माझे वय ३१ आहे आणि या वर्षाच्या सुरुवातीपासून आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. पाळीची नोंद ठेवण्यासाठी मी मोबाइलवर एक अ‍ॅप वापरते. माझे यजमान चाकणला नोकरीला आहेत आणि शनिवार-रविवारीच घरी येतात. त्यामुळे अ‍ॅप जे दिवस हिरव्या रंगात दाखवते ते पाहून आम्ही त्यांची जादा रजा ठरवतो. रजा मोजक्याच मिळतात, म्हणून हा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

माझी पाळी आधीपासूनच थोडी मागेपुढे होते. मागच्या सहा पाळ्यांमधले अंतर अनुक्रमे २७, ३४, २९, ४३, ३१ आणि २८ दिवस असे आहे. यातील ४३ दिवसांचे अंतर गौरी-गणपतीत पडले. घरी गौरी असल्याने मी पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या.

मागच्या वेळी अ‍ॅपने चौदाव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे दिवस हिरवे दाखवले आणि एकोणिसावा दिवस बीजांड बाहेर पडण्याचा म्हणून ठळक केला. मेडिकलमधून ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप आणून मी सोळाव्या दिवसापासून रोज तपासणी केली, पण एकदाही दुसरी रेघ गडद झाली नाही. त्याआधी, म्हणजे ३४ दिवसांच्या चक्रात, एका दवाखान्यात एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी झाली होती. ती कमी आली आणि 'अंडे तयार होत नाही' असे मला सांगण्यात आले. तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. अ‍ॅप हिरवे दिवस दाखवते, स्ट्रिप नकार देते आणि रक्ततपासणीही नकार देते. यापैकी कोणावर विश्वास ठेवावा?

रानजाई

अनुराधाताई, बीजांड पाळीच्या मध्यावर बाहेर पडते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अ‍ॅपही तेच करते. पुढची पाळी ज्या दिवशी येणार त्यातून चौदा दिवस वजा केले की तो दिवस मिळतो. हे गणित वैद्यकशास्त्राला धरूनच आहे, त्यामुळे अ‍ॅप चुकते असे मला वाटत नाही. तुमच्याकडे सहाच महिन्यांची नोंद आहे. वर्ष-दोन वर्षांची नोंद भरलीत तर अ‍ॅपला तुमच्या शरीराची सवय कळेल आणि अंदाज बरोबर येऊ लागेल. माझ्या बाबतीत तो नेहमी बरोबर येतो.

निलेश_प

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, संगणक क्षेत्रातला आहे. मात्र आरोग्यविषयक अ‍ॅपच्या कामात काही काळ होतो, म्हणून आतले गणित सांगू शकतो.

केवळ तारखांवर चालणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या शरीराची एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे रक्तस्राव कोणत्या दिवशी सुरू झाला. बीजांडकोशात काय चालले आहे हे त्याने कधीच मोजलेले नसते. ते मागच्या अंतरांची सरासरी काढते आणि पुढची पाळी तितक्याच दिवसांनी येईल असे धरते. मग त्या गृहीत तारखेतून चौदा दिवस मागे येऊन एका दिवसावर ठळक खूण करते आणि त्याच्या आधीचे पाच दिवस रंगवते. काही अ‍ॅप अलीकडच्या महिन्यांना जास्त वजन देतात, काही वय वगैरे विचारतात, पण गाभा हाच असतो.

अनुराधाताईंच्या पहिल्या पाच अंतरांची बेरीज १६४ होते आणि सरासरी जवळजवळ ३३. त्यातून १४ गेले की १९ उरतात. एकोणिसावा दिवस ठळक दिसला तो यामुळे. आता २८ दिवसांचे सहावे अंतर जमा झाल्यावर सरासरी ३२ झाली, म्हणून या वेळी अठरावा दिवस ठळक दिसत असेल.

रानजाई म्हणतात तसे चौदा दिवस वजा करणे वैद्यकशास्त्राला धरून आहे, पण ते *आलेल्या* पाळीतून वजा करायचे आहेत. अ‍ॅप *येणाऱ्या* पाळीतून वजा करते, आणि ती कधी येणार हाच तर अनियमित पाळीतला मूळ प्रश्न आहे. पाळीचा अंदाज सहा दिवसांनी चुकला की फर्टाइल दिवसांचा अंदाजही तितकाच चुकतो. नोंद वाढवल्याने सरासरी स्थिर होते, पण पुढचे एक अंतर सरासरीच्या जवळ पडेल याची हमी मिळत नाही. तुमची पाळी वेळेवर येत असल्यामुळे तुम्हाला हा फरक कधी जाणवला नसावा.

केतकी_ना

ताई, कृपया अ‍ॅपच्या भरवशावर अजिबात राहू नका. आम्हाला दुसरे मूल इतक्या लवकर नको होते. अ‍ॅपवर माझी सरासरी तीस दिवसांची होती आणि नववा दिवस 'कमी शक्यता' या रंगात होता. त्याच सुमारास दिवस राहिले. पाळी कधी २५ दिवसांनी यायची, तर कधी ३५. मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि घरात सगळे तिच्यावर जीव टाकतात, पण त्या वेळी मी फार घाबरले होते. माझा सल्ला हाच की तांबी बसवून घ्या किंवा निरोध वापरा, दिवस मोजण्यात पडू नका.

अनुराधा_वाई

केतकी, मनापासून लिहिलेत त्याबद्दल आभार. माझा प्रश्न मात्र उलट आहे. आम्हाला मूल हवे आहे आणि अ‍ॅपच्या हिरव्या दिवसांत प्रयत्न करूनही ते होत नाही.

डॉ_वैशाखी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण अनुराधा यांनी आकडे इतके नीट दिले आहेत की त्यांवरून बरेच काही सांगता येईल. केतकी यांचा अनुभवही वेगळ्या विषयातला नाही. चूक एकच आहे. त्यांच्या बाबतीत ती 'सुरक्षित' दिवसांवर पडली आणि अनुराधा यांच्या बाबतीत रजेच्या दिवसांवर.

पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजांड पिकते आणि तो भाग लांबतो किंवा आखूड होतो. बीजांड बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा भाग बऱ्यापैकी स्थिर असतो. चौदा दिवस म्हणतात ते या दुसऱ्या भागाचे. तोही घड्याळासारखा नसतो, साधारण दहा ते सोळा दिवसांत कुठेही असू शकतो. २०१९ मध्ये सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या भागाची सरासरी १२.४ दिवस निघाली. तरीही मागे वळून पाहताना चौदाचा आकडा कामचलाऊ म्हणून वापरता येतो.

आता तुमचे शेवटचे २८ दिवसांचे चक्र पाहू. पाळी आल्यानंतर उलटे मोजले तर बीजांड चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडले असणार. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते, बीजांड मात्र जेमतेम एक दिवस. म्हणून गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस बीजांड बाहेर पडण्याच्या दिवशी संपतात, त्या दिवशी सुरू होत नाहीत. तुमच्या त्या चक्रात ते नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत होते आणि सर्वात चांगले दिवस बारावा आणि तेरावा. अ‍ॅपने हिरवा रंग चौदाव्या दिवशी सुरू केला, म्हणजे खरी संधी संपत आली तेव्हा. तुम्ही पहिली स्ट्रिप सोळाव्या दिवशी वापरलीत. ज्या संप्रेरकाची उसळी ही स्ट्रिप पकडते, ती बीजांड बाहेर पडण्याच्या एक ते दीड दिवस आधी येते. तुमच्या बाबतीत ती बाराव्या-तेराव्या दिवशी येऊन गेलेली असणार. स्ट्रिप खोटे बोलली नाही, तिला उशिरा विचारले गेले.

आता रक्ततपासणी. एकविसाव्या दिवसाचे प्रोजेस्टेरॉन हा प्रघात २८ दिवसांच्या पाळीसाठी पडला आहे. ही तपासणी खरे तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते, कारण बीजांड बाहेर पडल्यानंतर साधारण आठवड्याने हे संप्रेरक सर्वात वर असते. तुमचे ते चक्र ३४ दिवसांचे निघाले. म्हणजे बीजांड विसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडले असावे आणि रक्त दुसऱ्याच दिवशी घेतले गेले. त्या वेळी आकडा कमी येणे स्वाभाविक आहे. ती तपासणी सत्ताविसाव्या दिवशी हवी होती. तेवढ्या एका आकड्यावरून 'अंडे तयार होत नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही.

तुम्हाला बीजांड तयार होतेच, असेही मी यावरून म्हणणार नाही, कारण बीजांड बाहेर न पडताही रक्तस्राव होऊ शकतो आणि अ‍ॅप त्यालाही पाळीच समजते. मात्र आतापर्यंत तुम्हाला मिळालेले दोन्ही नकार चुकीच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांचे आहेत.

रानजाई

डॉक्टर, निलेश, समजावून सांगितल्याबद्दल आभार. 'येणाऱ्या' आणि 'आलेल्या' पाळीतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तरी एक शंका आहे. आलेल्या पाळीतूनच वजा करायचे तर ४३ दिवसांच्या चक्रात बीजांड एकोणतिसाव्या दिवशी बाहेर पडले असे धरायचे का? मग पुढच्या महिन्यात तिसाव्या दिवसापर्यंत प्रयत्न करावे लागतील.

डॉ_वैशाखी

नाही. ज्या घरांत गौरी-गणपती, लग्न, मुंज किंवा सत्यनारायण असतो तिथे ही चूक हटकून होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाळी लांबवण्याच्या गोळ्यांमध्ये नॉरएथिस्टेरॉन असते. त्या सहसा पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. गोळ्या चालू असेपर्यंत गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते आणि बंद केल्या की ते गळते. म्हणजे त्या चक्राची लांबी बीजांडाने ठरवलेली नसते, गोळ्यांच्या पाकिटाने ठरवलेली असते. अनुराधा यांना त्या महिन्यात बीजांड बहुधा गोळ्या सुरू होण्याच्या आधीच बाहेर पडले असेल. पण तारखा मागेपुढे असणाऱ्या स्त्रीने अंदाजानेच गोळी सुरू केली, तर बीजांड अजून बाहेर पडलेलेच नसेल हेही शक्य आहे. ४३ वजा १४ या गणितातून यातले काहीच कळत नाही. ते चक्र हिशेबातून सरळ वगळायचे.

वगळल्यावर काय होते ते पाहा. उरलेल्या पाच चक्रांची सरासरी ३० च्या खाली येते आणि ठळक खूण अठराव्यावरून सोळाव्या दिवसावर सरकते. एका सणाच्या गोळ्यांमुळे अ‍ॅप दोन दिवस पुढे ढकलले गेले होते आणि ते त्यापुढेही कित्येक महिने तसेच राहिले असते. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने, गर्भपाताने किंवा स्तनपानाच्या काळानेही नोंद अशीच बिघडते.

निलेश_प

काही अ‍ॅपमध्ये एखादे चक्र सरासरीतून वगळण्याची सोय असते. त्या चक्राच्या नोंदीवर जाऊन शोधावे लागते. आपल्या अ‍ॅपमध्ये तशी सोय नसेल तर वहीत हिशेब ठेवलेला बरा.

स्टॉकहोमकर

माझ्या पत्नीने इथे स्वीडनमध्ये तापमानावर चालणारे अ‍ॅप वापरले आहे, म्हणून लिहितो. अशा प्रकारचे नॅचरल सायकल्स हे अ‍ॅप मूळचे इथलेच आहे आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला गर्भनिरोधनाचे साधन म्हणून परवानगी दिली. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने त्याची 'अत्यंत अचूक' म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली, हेही लक्षात ठेवावे. त्यात रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, शतांशापर्यंत आकडा दाखवणाऱ्या थर्मामीटरने तोंडातले तापमान घ्यावे लागते. अनुराधाताईंनी असे अ‍ॅप घेतले तर प्रश्न सुटेल का? निदान तिथे शरीराचे काहीतरी मोजले जाते.

डॉ_वैशाखी

मोजले जाते हे खरे, पण काय मोजले जाते ते पाहायला हवे. बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि त्यामुळे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जाऊन तिथे टिकते. सलग तीन दिवस ते वर राहिले की बीजांड बाहेर पडले अशी खात्री धरता येते. ज्यांना गर्भधारणा टाळायची आहे त्यांना या खात्रीचा उपयोग आहे, कारण त्यानंतरचे दिवस खरोखर सुरक्षित असतात. पण ज्यांना बाळ हवे आहे त्यांच्यासाठी ही खात्री मिळेपर्यंत त्या महिन्याची संधी गेलेली असते. तापमान वाढण्याआधीचे दिवस तिथेही मागच्या नोंदींवरून अंदाजानेच दाखवले जातात. ताप येणे, रात्रपाळी, रात्री बाळासाठी चारदा उठणे यांनी आकडा बिघडतो तो वेगळाच.

अनुराधा यांना तापमानाचा एक फायदा होईल. दोन-तीन महिने नोंद ठेवली तर बीजांड बाहेर पडते की नाही आणि दुसरा भाग किती दिवसांचा आहे, हे कळेल.

सुलभा_बीड

मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. काही वर्षे झारखंडमध्ये एका आरोग्य प्रकल्पावर होते. तिथे आम्ही बायकांना मालाचक्र द्यायचो. बत्तीस मण्यांची माळ असते. लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा, आणि एक रबरी कडी रोज एक मणी पुढे सरकवायची. आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे मणी पांढरे असतात. ते दिवस जोखमीचे, त्या दिवसांत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने तयार केली.

सांगायचा मुद्दा असा की त्या माळेत सत्ताविसाव्या दिवसाचा मणी वेगळ्या गडद रंगाचा असतो. कडी त्या मण्यावर पोहोचण्याआधीच पाळी आली, तर चक्र २६ दिवसांपेक्षा आखूड झाले. सगळे मणी संपून दुसरा दिवस उजाडला आणि तरी पाळी नाही, तर चक्र ३२ दिवसांपेक्षा लांबले. वर्षातून दोनदा असे झाले की आम्ही माळ परत घ्यायचो आणि बाईला दुसरे साधन सुचवायचो. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते समजायचे. मोबाइलवरचे अ‍ॅप मात्र अंतर ४३ दिवसांचे पडले तरी पुढच्या महिन्याचे हिरवे दिवस तितक्याच ठामपणे दाखवते. 'तुमची पाळी इतकी मागेपुढे आहे की मला सांगता येत नाही', असे त्याने म्हणायला हवे. मला हे फार खटकते. आणखी एक गोष्ट. मालाचक्र बारा दिवस जोखमीचे धरते आणि अ‍ॅप सहा-सातच रंगवते. नियमित पाळी असलेल्या बाईसाठीसुद्धा बारा दिवस राखून ठेवावे लागतात, मग अनियमित पाळीला सहा कसे पुरतील?

डॉ_वैशाखी

सुलभाताई, हा मुद्दा फार योग्य मांडलात. याला पुष्टी देणारी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या लघवीची रोज तपासणी करून बीजांडाचा दिवस ठरवला होता. २००० मध्ये त्यांनी लिहिले की ज्यांचे सगळे फर्टाइल दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत पडले अशा स्त्रिया फक्त तीस टक्क्यांच्या आसपास होत्या. त्या अभ्यासातल्या बहुतेकींची पाळी नियमित होती. म्हणजे 'मध्यावर' ही कल्पना अनियमित पाळीच्याच स्त्रियांना फसवते असे नाही. त्यांना ती अधिक फसवते इतकेच.

मीरा_ठाणे

मला पीसीओडी आहे आणि पाळी ३५ ते ६० दिवसांनी येते. डॉक्टरांनी स्ट्रिपबद्दल लिहिले आहे, पण माझ्या बाबतीत स्ट्रिपवर कधी सलग चार दिवस गडद रेघ येते, मग जाते आणि आठवड्याने पुन्हा येते. त्या दिवसांत आम्ही प्रयत्न केले, मग महिनाभराने पाळी आली. शेवटी दवाखान्यात फॉलिक्युलर स्टडी करून घेतली. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून बीजांडाची पिशवी किती मिलिमीटर झाली ते पाहतात. पहिल्या वेळी ती बारा मिलिमीटरवर थांबली आणि फुटलीच नाही, पण स्ट्रिप मात्र गडद येत होती. म्हणून माझे मत आहे की पाळी अनियमित असेल तर अ‍ॅप आणि स्ट्रिप दोन्ही सोडून थेट सोनोग्राफी करावी.

डॉ_वैशाखी

मीरा, तुमच्या बाबतीत ते बरोबर आहे. पीसीओडीमध्ये स्ट्रिप ज्याची उसळी पकडते ते संप्रेरक मुळातच वर असू शकते, त्यामुळे रेघ गडद दिसते. कधी शरीर प्रयत्न करते, उसळी येते, पण बीजांड बाहेर पडत नाही. स्ट्रिप उसळी दाखवते, बीजांड बाहेर पडल्याचे दाखवत नाही. सोनोग्राफीत पिशवी १८ ते २० मिलिमीटरच्या पुढे वाढून मग फुटलेली दिसते आणि तो पुरावा स्पष्ट असतो.

पण २७ ते ३४ दिवसांत पाळी येणाऱ्या स्त्रीला दर महिन्याला चार-पाच वेळा दवाखान्यात बोलावणे मला पटत नाही. एखाद्या चक्रात करून पाहावे आणि औषधे चालू असतील तर जास्त वेळा करावे. खर्च आहे, धावपळ आहे, आणि महिनाभर मनावर त्याचेच ओझे राहते.

मीरा_ठाणे

ओझ्याबद्दल मी असहमत आहे. मला महिनोन्महिने काहीच कळत नव्हते, त्याचेच ओझे जास्त होते. सोनोग्राफीत फुटलेली पिशवी दिसली त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली. ज्यांना परवडते त्यांना हा मार्ग लवकर सुचवायला हवा.

अनुराधा_वाई

तुम्ही सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी फार आभारी आहे. डॉक्टर, आता रजा कोणत्या दिवसांसाठी घ्यायची, हे कसे ठरवू? दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा म्हणजे दिवस मोजावे लागणार नाहीत, असे एकीने सांगितले होते. यजमान चाकणला असताना ते शक्य नाही.

डॉ_वैशाखी

ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी तो सल्ला सर्वोत्तम आहे. तुमच्यासाठी असे करू.

स्ट्रिप कधी सुरू करायची हे सरासरीवरून ठरवू नका, सर्वात आखूड चक्रावरून ठरवा. तुमचे सर्वात आखूड चक्र २७ दिवसांचे आहे. त्यातून १७ वजा केले की दहावा दिवस येतो. दहाव्या दिवसापासून रोज दुपारी स्ट्रिप पाहा. त्याआधी दोन तास फार पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. स्ट्रिप जास्त लागतील, कारण लांब चक्रात विसाव्या दिवसापर्यंत किंवा त्यापुढेही जावे लागेल. दुकानात सुट्या स्ट्रिपचा मोठा संच मिळतो, तो स्वस्त पडतो.

त्याबरोबर योनीतून येणाऱ्या स्रावाकडे लक्ष द्या. तो कोरडा किंवा चिकट असेल तर अजून वेळ आहे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक झाला आणि दोन बोटांमध्ये ताणल्यावर न तुटता लांबू लागला, तर ते दिवस सुरू झाले. स्ट्रिप उसळी दाखवते तेव्हा हातात दीड-दोन दिवसच उरतात; हा स्राव बहुधा त्याच्या दोन-तीन दिवस आधी दिसतो. चाकणला फोन करायचा तो स्राव बदलल्यावर, दुसरी रेघ गडद होण्याची वाट न पाहता. खाज, दुर्गंधी किंवा जंतुसंसर्ग असेल तर मात्र ही खूण धरता येत नाही.

दरम्यान थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्या करून घ्या, पाळी मागेपुढे होण्याचे कारण त्यांत सापडू शकते. यजमानांची वीर्यतपासणीही याच महिन्यात व्हावी. अनेक घरांत ती सर्वात शेवटी होते आणि तोपर्यंत स्त्रीच्या तारखांवरच चर्चा चालू राहते.

अनुराधा_वाई

काही आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. दहाव्या दिवसापासून स्ट्रिप वापरल्या. अ‍ॅपचे हिरवे दिवस तेराव्याला सुरू होऊन अठराव्याला संपले. त्या काळात रेघ फिकीच राहिली आणि स्रावही चिकटच होता. पूर्वीची मी असते तर प्रयत्न सोडून दिले असते. अठराव्या दिवशी संध्याकाळी स्राव डॉक्टरांनी सांगितला तसा ताणला जाऊ लागला. मी फोन केला आणि यजमान दुसऱ्या दिवशी रजा टाकून आले. विसाव्या दिवशी दुपारी दुसरी रेघ पहिल्यापेक्षाही गडद आली. अ‍ॅपवर तो दिवस 'कमी शक्यता' या रंगात होता.

थायरॉइडचा अहवाल आला आहे, टीएसएच थोडे वाढलेले आहे. वीर्यतपासणीसाठी यजमान तयार झाले आहेत, अजून केलेली नाही. आता प्रोजेस्टेरॉन एकविसाव्या दिवशीच करायचे का?

डॉ_वैशाखी

नाही. रेघ विसाव्या दिवशी गडद झाली, म्हणजे बीजांड एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी बाहेर पडेल असे धरू. प्रोजेस्टेरॉन त्याच्या सात दिवसांनी, म्हणजे अठ्ठाविसाव्या किंवा एकोणतिसाव्या दिवशी करा. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर आला तर बीजांड बाहेर पडले असे म्हणता येईल. टीएसएचचा अहवाल घेऊन त्याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा. बाळासाठी प्रयत्न चालू असताना थोडे वाढलेले टीएसएचही नीट पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवते. अ‍ॅप बत्तीस दिवसांची सरासरी धरून बसले आहे, त्यामुळे तेहतिसाव्या दिवसापासून ते 'पाळीला उशीर' असे दाखवू लागेल. तो उशीर नसेल. बीजांड उशिरा बाहेर पडल्यामुळे तुमची पाळीच पस्तिसाव्या-छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास अपेक्षित आहे. त्याआधी लघवीची तपासणी केली आणि एकच रेघ आली, तर त्यावरून काहीही ठरवू नका. अडतिसाव्या दिवसापर्यंत पाळी आली नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आणि पुढे सोनोग्राफीची वेळ आली तर शेवटच्या पाळीच्या तारखेबरोबर रेघ गडद झाल्याची तारीखही डॉक्टरांना सांगा, नाहीतर बाळाची वाढ आठवडाभर मागे असल्याचे कोणीतरी सांगेल आणि तुम्ही विनाकारण घाबराल.